रेडिमेड ब्लाउज ऑनलाइन घेताना: साइज, मार्जिन, पॅड आणि बाही यांचा हिशोब

"साइज ३८, ४२ पर्यंत अल्टर होईल. आत १ इंच मार्जिन. पॅडेड. बाही १० इंच." रेडिमेड ब्लाउजच्या फोटोखाली साधारण अशीच माहिती असते. पहिल्यांदा घेणारी बाई यातला ४२ हा आकडा बघते, आपलं माप ४१ आहे म्हणजे बसेलच असं धरते आणि ऑर्डर टाकून मोकळी होते. या ओळीत एक गोष्ट मुळातच जुळत नाही. कुठली, ते मार्जिनच्या हिशोबात कळेल. त्याआधी स्वतःची मापं हाताशी हवीत.

आधी स्वतःची मापं

टेप घ्या आणि साडीखाली जी ब्रा घालणार आहात तीच घालून मापं घ्या. छातीचा घेर सर्वांत भरलेल्या जागी मोजायचा. टेप पाठीवर खाली घसरू द्यायची नाही, ती जमिनीला समांतर हवी. हात खाली सोडलेले, श्वास नेहमीसारखा. टेपखाली एक बोट सहज जाईल इतकीच ती सैल ठेवा. शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा, कारण स्वतः मोजताना हात उचलले जातात आणि माप चुकतं.

दुसरं माप बरेच जण घेत नाहीत, पण ते मला छातीच्या घेराइतकंच महत्त्वाचं वाटतं: काखेच्या अगदी खालून, छातीच्या वरच्या बाजूने घेतलेला घेर. या दोन मापांतला फरक बघा. फरक दोन इंचांच्या आसपास असेल तर बहुतेक रेडिमेड ब्लाउज फारशी खटपट न करता बसतात. तो चार इंच किंवा त्याहून जास्त असेल, तर छातीच्या घेरावरून घेतलेला ब्लाउज खांद्यावर आणि मुंढ्यात ढगळ होण्याची शक्यता असते. मग माप कुठल्या आकड्यावरून निवडायचं, हा खरा प्रश्न होतो. त्याकडे पुढे येऊच.

याशिवाय दंडाचा घेर आणि खांद्याच्या हाडापासून हवी तिथपर्यंत बाहीची लांबी लिहून ठेवा.

आता कपाटातला सगळ्यात चांगला बसणारा ब्लाउज काढा. हूक लावून तो टेबलावर पालथा, म्हणजे पाठ वर येईल असा पसरा. पुढच्या बाजूला टक्स किंवा कटोरीमुळे फुगवटा असतो, म्हणून पाठीकडून मोजलेलं बरं. एका काखेच्या शिलाईपासून दुसऱ्या काखेच्या शिलाईपर्यंत सरळ मोजा आणि दुप्पट करा. समजा १९ इंच आले, तर तयार ब्लाउजचा घेर ३८. हाच आकडा पुढे सगळीकडे उपयोगी पडतो, कारण त्यात तुमच्या अंगाला लागणारी ढिलाई आधीच धरलेली असते.

साइजचा आकडा कशाचा आहे?

३६, ३८, ४० हे आकडे छातीच्या घेराचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुणाच्या छातीच्या? काही विक्रेते ३८ लिहितात तेव्हा त्यांना ३८ इंच छातीच्या बाईला बसणारा ब्लाउज म्हणायचं असतं. तो स्वतः मोजला तर ३९ किंवा ४० भरतो. काही जण मात्र तयार ब्लाउज मोजून ३८ लिहितात. असा ब्लाउज ३८ छातीच्या बाईला घालता येईल, पण हात वर केला की हूक ताणले जातील. अंगाच्या मापापेक्षा तयार ब्लाउज इंचभर तरी मोठा लागतो. चापून बसणारा आवडत असेल तर एक इंच, जरा मोकळा हवा असेल तर दोन.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारा: "ब्लाउज टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत किती इंच भरतो?" उत्तर १९ आलं तर घेर ३८, २० आलं तर ४०. जो विक्रेता टेप लावलेला फोटो पाठवतो, त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही. "मॅडम स्टँडर्ड साइज आहे" एवढंच सांगणाऱ्याला तो आकडा स्वतःलाच माहीत नसतो.

ब्रेसियरच्या आकड्यावरून ब्लाउज निवडू नका. ३४-बी मधला ३४ हा पट्ट्याचा, म्हणजे छातीच्या खालच्या घेराशी जोडलेला आकडा आहे. कप त्यावर वाढतो आणि बी कपाला छातीचा घेर पट्ट्याच्या आकड्यापेक्षा साधारण दोन इंच जास्त धरतात. म्हणजे ३४-बी वापरणारीने ३४ चा ब्लाउज मागवला तर तो घट्टच येणार.

मार्जिन: चार कडांचा हिशोब

मार्जिन, म्हणजे शिलाईच्या आत ठेवलेली माया, ही रेडिमेड ब्लाउजची सगळ्यात मोठी सोय आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच असतात.

ब्लाउज उलटा करून काखेखालची बाजूची शिलाई बघा. तिथे पुढच्या भागाची कड आणि पाठीची कड एकत्र शिवलेली असते. अशा दोन बाजू, म्हणजे एकूण चार कडा. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला तर घेर दोन इंचांनी वाढतो, पाव इंच सोडला तर एक इंचाने. शिवाय सगळी माया वापरता येत नाही. नवी शिलाई टिकावी म्हणून कडेला निदान अर्धा इंच उरायला हवा. कापड घट्ट विणीचं असेल तर पाव इंचावरही निभावतं, पण विरळ सिल्क किंवा टिश्यूच्या ब्लाउजला तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. शिलाईजवळून धागे सुटत जातात आणि कापड तिथे जाळीसारखं दिसायला लागतं.

आता सुरुवातीची ओळ घ्या. साइज ३८, मार्जिन १ इंच, ४२ पर्यंत वाढेल. ३८ चे ४२ करायचे म्हणजे चार इंच हवेत, म्हणजेच प्रत्येक कडेतून एक इंच. पण कडेला आहे तोच मुळी एक इंच! सगळा सोडला तर शिवायला काही उरत नाही. अर्धा इंच राखला तर प्रत्येक कडेतून अर्धाच मिळतो, एकूण दोन, आणि ब्लाउज ४० पर्यंत जातो. ४२ हवा असेल तर प्रत्येक कडेला दीड इंच माया लागेल.

इथे एक शंका रास्त आहे. "१ इंच मार्जिन" म्हणजे प्रत्येक कडेला एक, की प्रत्येक बाजूला मिळून एक, की सगळं मिळून एक? लिहिणारे तिन्ही अर्थांनी लिहितात. म्हणून विचारताना असं विचारा: "ब्लाउज उलटा केल्यावर शिलाईपासून कापडाच्या कडेपर्यंत किती इंच?" याचं उत्तर एकच असू शकतं.

आणखी तीन गोष्टी मार्जिनला मर्यादा घालतात.

एक, चेन. गळ्याच्या किंवा पाठीच्या रचनेमुळे हूक देता येत नाहीत, तेव्हा डाव्या काखेखाली चेन असते. त्या बाजूची माया चेनमध्ये अडकलेली असते. ती चेन उसवून पुन्हा लावणं शक्य आहे, पण बरेच शिंपी नको म्हणतात, आणि मग वाढवायला एकच बाजू, म्हणजे दोनच कडा उरतात. एकाच बाजूने दोन इंच सोडले तर ब्लाउजचा मध्य सरकतो, हूकपट्टी किंवा गळा एका बाजूला ओढला जातो.

दोन, अस्तर. वरच्या कापडाला दीड इंच माया आणि आतल्या अस्तराला अर्धाच इंच, असं फार वेळा आढळतं. अस्तर वाढलं नाही तर ब्लाउज वाढत नाही. शिंपी अस्तराला पट्टी जोडू शकतो, मात्र ते वेगळं काम झालं आणि काखेत ती जोड टोचूही शकते.

तीन, जुन्या टिपेच्या खुणा. सुती कापडावर आणि खणावर सुईची भोकं धुण्यात बऱ्यापैकी मिटतात. साटन, मखमल, ब्रोकेड आणि गुळगुळीत सिल्कवर ती रेषा राहते. काखेखाली असल्याने पदराआड लपते, त्यामुळे मी तरी तिची फार काळजी करत नाही. पण भरतकाम किंवा टिकल्यांचं काम बाजूच्या शिलाईपाशीच थांबलं असेल तर सोडलेला भाग कोरा दिसतो आणि तो हात हलला की डोळ्यांत भरतो.

मार्जिन काय बदलू शकत नाही

बाजूची शिलाई सोडली की घेर वाढतो, त्यासोबत काखेपाशी मुंढा थोडा मोठा होतो. बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. खांद्याची रुंदी तीच, गळ्याची खोली तीच, ब्लाउजची उंची तीच. टक्सची टोकंही तिथेच राहतात, आणि ३६ च्या अंगासाठी काढलेली टोकं ४० च्या छातीवर योग्य जागी येत नाहीत. पुढे सैल, काखेत घट्ट आणि मध्ये हूक ताणलेले असं दिसलं तर बहुधा हेच झालेलं असतं.

त्यामुळे "३६ पासून ४२ पर्यंत कुणालाही बसेल" असं वाचलं की तो ब्लाउज एका साइजसाठी कापला आहे आणि एखाद-दुसऱ्या साइजपर्यंत नीट जाईल, एवढंच समजा. कापलेल्या मापापासून दोन इंच वर किंवा दोन इंच खाली, ही माझी मर्यादा.

वरच्या आणि भरलेल्या घेरात मोठा फरक असणाऱ्यांनी खांदा आणि मुंढा ज्या साइजमध्ये बसतो तीच साइज घ्यावी आणि छातीला माया सोडून घ्यावी. शिंप्याला सांगायचं की पुढच्या भागाच्या कडेतून जास्त सोडा, पाठीच्या कडेतून कमी. दोन्हीकडून सारखं सोडलं तर पाठीत नको तिथे ढिलाई येते. हे करायला पुढच्या कडेला भरपूर माया हवी, म्हणून अशा अंगाला दीड इंचाची माया खरोखर कामाला येते.

पॅड

पॅडेड ब्लाउज दोन प्रकारचे. एकात स्पंजचे कप कापड आणि अस्तर यांच्यामध्ये शिवून टाकलेले असतात. दुसऱ्यात अस्तराला कप्पा असतो, पॅड त्यातून काढता-घालता येतात. माहितीत नुसतं "पॅडेड" लिहिलं असेल तर पहिलाच प्रकार धरा आणि विचारून खात्री करा. नव्याने घेणाऱ्यांना मी काढता येणारेच सुचवेन, कारण कप चुकीच्या जागी आला तर निदान काढून तरी टाकता येतो.

पॅड आतली जागा खातो. अर्धा ते एक इंच घेर त्यात जातो, जाड पॅड असेल तर जास्त. टेबलावर बाहेरून मोजलेला घेर ३९ भरला तरी अंगाला मिळणारी जागा ३८ च्या आसपास असू शकते. शिवलेल्या पॅडच्या ब्लाउजमध्ये ब्रा घालत नसाल तर तुमचं मापही त्याच स्थितीत घ्या, नाहीतर हिशोब दोन्हीकडून चुकतो.

कपाची जागा ही दुसरी बाब. दोन कपांच्या टोकांमधलं अंतर आणि खांद्यापासून टोकापर्यंतची उंची कापलेल्या साइजनुसार ठरलेली असते. बाजूने माया सोडली तरी कप आहेत तिथेच आणि आहेत तेवढेच राहतात. ३६ चा पॅडेड ब्लाउज ४० केला तर घेर पुरेल, पण कप ३६ चेच. कपाची कड छातीच्या मधोमध येते आणि कापडातून गोल रेषा दिसते. ब्लाउज घातल्यावर आरशात बाजूने बघा. वरच्या कडेला खळगा दिसत असेल तर कप मोठा आहे किंवा जागा वर आहे. कडेबाहेर फुगवटा येत असेल तर कप लहान.

शिवलेला कप हलवायचा तर अस्तर उसवावं लागतं. सुती अस्तर असेल तर एखादा शिंपी करेल. पॅड आणि वरचं कापड एकत्र टिपलेलं असेल तर नाद सोडा.

बाही

बाहीची लांबी खांद्याच्या शिलाईपासून खालच्या कडेपर्यंत मोजतात. आखूड बाही पाच-सहा इंच, कोपरापर्यंतची दहा-अकरा, पाऊण बाही चौदा ते सोळा, असं साधारण असतं, पण तुमचा दंड किती लांब यावर ती कुठे येईल ते ठरतं. १० इंचांची बाही एकीच्या कोपराच्या वर थांबते, दुसरीच्या बरोबर कोपरावर. आणि नेमकी कोपरावर आलेली बाही सगळ्यात त्रासदायक, हात वाकवला की कड रुतते. कोपराच्या इंचभर वर किंवा खाली यावी. लांबी हात किंचित वाकवून मोजा.

फुग्याच्या बाहीत लिहिलेल्या लांबीतला थोडा भाग वरच्या फुगवट्यातच जातो, त्यामुळे ती दिसायला आखूड येते. ब्लाउजचा खांदा तुमच्या खांद्यापेक्षा खाली उतरत असेल तर उलट, बाही तेवढी लांब पडते.

लांबीपेक्षा दंडघेर जास्त वेळा नडतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी लिहिलेला नसतो. बाहीला एकच शिलाई, म्हणजे दोनच कडा. प्रत्येकी अर्धा इंच सोडला तर दंड फक्त एक इंच वाढतो, आणि बाहीच्या कडांना माया बहुतेकदा बाजूच्या मायेपेक्षा कमीच ठेवतात. म्हणून विचारा: "बाहीचा खालचा घेर किती, आणि बाहीच्या शिलाईत आत किती कापड आहे?" दंड १२ असेल तर तयार बाही १२.५ ते १३ हवी.

पैठणी किंवा खणाच्या ब्लाउजला काठ बाहीच्या खालच्या कडेला असतो. अशी बाही खालून आखूड करता येत नाही, काठच जाईल. वरून, मुंढ्यापाशी उसवून करावी लागते आणि ते जास्त मेहनतीचं आहे. लांब तर करताच येत नाही. बिनबाह्यांच्या ब्लाउजसोबत पाकिटात बाह्यांचे सुटे तुकडे येतात, ते लावून घ्यायचे असतील तर मापं आधीच विचारा.

एक उदाहरण

समजा मापं अशी: छाती ३८, काखेखालचा घेर ३५.५, दंड १२, बाही ९ हवी. दोन ब्लाउज आवडले आहेत.

पहिला: साइज ३६, टेबलावर १८ भरतो, म्हणजे घेर ३६. प्रत्येक कडेला २ इंच माया. शिवलेले पॅड. डाव्या बाजूला चेन. बाही ९, घेर १२. अंगाला ३८ अधिक ढिलाईचा एक, अधिक पॅडचा अर्धा, म्हणजे ३९.५ हवेत. साडेतीन इंच वाढवायचे. चेनमुळे दोनच कडा मोकळ्या. अर्धा इंच राखून प्रत्येकीतून दीड, एकूण तीन. पुरत नाही, शिवाय सगळं उजव्या बाजूने. वर कप ३६ चे आणि बाही अंगाइतकीच. भरपूर मार्जिन असूनही हा नको.

दुसरा: साइज ३८, टेबलावर १९ भरतो, घेर ३८. प्रत्येक कडेला १ इंच माया, पुढे हूक, पॅड काढता येतात. बाही १०, घेर १२.५, काठ नाही. पॅड काढून ३९ हवेत, म्हणजे एकच इंच. चार कडांतून पाव-पाव इंच, आणि शिवायला पाऊण इंच शिल्लक. पॅड ठेवले तरी अर्धा इंच आणखी सहज मिळेल. बाही एक इंच दुमडून घेतली की झालं. हा घ्यावा.

घरी आल्यावर

टॅग काढू नका. आधी उलटा करून शिलाईपासून कडेपर्यंत टेप लावा, वरच्या कापडाला वेगळी आणि अस्तराला वेगळी. बाजूला दोन-तीन समांतर टिपा असतील तर उत्तम, प्रत्येक टीप उसवली की ठरावीक घेर वाढतो. मग घालून बघा. हात पुढे घ्या, डोक्यावर न्या, बसून बघा. बाजूला घट्ट असेल तर ते मार्जिनने सुटेल. खांदा उतरत असेल, गळा पुढे सुटत असेल किंवा टक्सची टोकं दोन बोटांपेक्षा जास्त इकडेतिकडे असतील तर परत पाठवा. एकदा शिलाई उसवली की कुणी परत घेत नाही.

शिंप्याकडे नेताना तुमचा चांगला बसणारा जुना ब्लाउजही सोबत न्या. काखेपासून कमरेपर्यंत किती सोडायचं ते आकड्यात सांगा, "थोडं सैल करा" असं नको. उरलेली माया कापून टाकू नका, कडेला ओव्हरलॉक करून आत तशीच ठेवा, असंही सांगा. काही शिंपी नीटनेटकं दिसावं म्हणून ती कापतात, आणि मग पुढच्या खेपेला वाढवायला काहीच उरत नाही.